सकाळचा झिरो

यंत्र दुरुस्त झालं की झाकणाचे स्क्रू आवळून त्याच्या पाठीवर एक थाप मारायची, ही माझी तीस वर्षांची खोड. बायको म्हणायची, बैलाला मारतात तशी मारता. मला त्या थापेचा अभिमान होता. नागपुरात लकडगंजच्या मागच्या गल्लीत, पहिल्या माळ्यावरच्या माझ्या खोलीतून जे यंत्र थाप खाऊन उतरलं, ते परत जिना चढत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. त्या मे महिन्यापासून मी थाप मारत नाही.

माझं काम पॅथॉलॉजी लॅबची यंत्रं दुरुस्त करण्याचं. मोठ्या दवाखान्यांतली नवी यंत्रं कंपनीची माणसं बघतात. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि पार्ट बदलण्यापलीकडे त्यांना काही येत नाही, हे माझं जुनं मत. माझ्याकडे येतात ती म्हातारी यंत्रं, तालुक्याच्या गावांतली. कुहीच्या एका छोट्या लॅबमध्ये असंच एक फोटोमीटर, म्हणजे उजेड पाडून रंग मोजणारं यंत्र, होतं. ती लॅब एक बाई एकट्याच चालवत. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. हात अतिशय स्वच्छ, वही नेटकी, आणि सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी पाळणार. असं गिऱ्हाईक मिळालं की आमच्यासारखे लोक सुखावतात.

त्या यंत्राचं मला कौतुक होतं. आत एक दिवा. त्याच्या उजेडाचे दोन भाग व्हायचे: एक सीरमच्या, म्हणजे रक्तावर निथळणाऱ्या पिवळसर पाण्याच्या, नळीतून जायचा, दुसरा मोकळाच. दोन्हीकडे एकेक डोळा, म्हणजे उजेड पडला की बारीकसा करंट देणारा डायोड. सीरममधला रंग जितका दाट, तितका उजेड कमी. पण हे कमी होणं सरळ वजाबाकीचं नसतं. रंगाचा एक थर उजेड अर्धा करतो, तसाच दुसरा थर उरलेल्याचा अर्धा करतो. म्हणून रंग किती हे काढायला त्या करंटचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो. आजची यंत्रं हे गणित चिपमध्ये करतात. ते जुनं यंत्र एका ट्रान्झिस्टरकडून करून घ्यायचं.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटपासून इनपुटकडे जी परतीची वाट असते, तिथे साधारणपणे रेझिस्टर बसवतात. तिथे ट्रान्झिस्टर बसवला की येणारा सगळा करंट अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यातून वाहायला लावतो, आणि ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरवर तेवढ्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज आपोआप येतं. करंट दहापट झाला की ते व्होल्टेज साठेक मिलिव्होल्टने वाढतं. पुन्हा दहापट, पुन्हा साठ. लॉगॅरिदम झाला. एवढासा तीन पायांचा जीव, आणि न शिकता हे गणित करतो. मला तरुणपणी हे कळलं तेव्हा मी दोन दिवस खुशीत होतो.

पण त्या जिवाला उन्हाळा सोसत नाही. करंट तोच ठेवून ट्रान्झिस्टर एक अंशाने तापला, तर ते व्होल्टेज दोन मिलिव्होल्टने खाली येतं. साठात दोन. म्हणून शहाणे लोक एक ट्रान्झिस्टर वापरत नाहीत, दोन वापरतात: एक नळीतून आलेल्या उजेडासाठी, एक मोकळ्या उजेडासाठी, आणि मापायचा तो दोघांतला फरक. दोघेही सारखेच तापले तर दोघेही सारखेच घसरतात, फरक जागच्या जागी. त्यासाठी ते दोघे एकाच धातूच्या टोपीत, एकाच चकतीवर जन्माला घातलेले असतात. त्यानंतरही तापमानाप्रमाणे मोजपट्टी थोडी ताणली जाते, अंशाला हजारात तीनेक. तेवढी ताण काढायला पुढे उष्णतेबरोबर बदलणारा एक रेझिस्टर दिलेला असतो. ते सगळं त्या यंत्रात होतं. इतकं छान होतं की मी ताईंना एकदा ऐटीत सांगितलं होतं, “ताई, घडीघडी झिरो नका करत बसू. सकाळी एकदा पाण्याची नळी टाकून झिरो मारा, दिवसभर पाहाचं काम नाही.”

पुस्तकात असं लिहिलेलं नसतं. पुस्तक म्हणतं, प्रत्येक वेळी झिरो करा. पण मी यंत्राचा जाणकार ना, मी पुस्तकाच्या वर. ताईंनी ते ऐकलं आणि पाळलं. सकाळी झिरो, मग ठरलेल्या आकड्याचं एक कंट्रोल सीरम तपासून घ्यायचं, आणि मग दिवसभर पेशंट.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी वादळात वीज कडाडली आणि ते यंत्र गेलं. ताईंनी एसटीत मांडीवर ठेवून आणलं. उघडून पाहिलं तर सगळं ठीक, फक्त ती जोडीची टोपी मेलेली. तो भाग बनणंच कधीचं बंद झालेलं. मुंबईचा एकजण म्हणाला, जुन्या साठ्यातून काढून देतो, महिनाभर थांबा. ताई म्हणाल्या, “भाऊ, महिनाभर मी का करू? लोक नागपूरले जातीन का प्रत्येक वेळी? काही तरी करा जी.”

मी काही तरी केलं. एका पट्टीतले दोन सुटे ट्रान्झिस्टर घेतले, मोजून एकमेकांशी मिलिव्होल्टभर जुळणारे निवडले. ते पाठीला पाठ लावून, मधे तांब्याची पत्री घालून बांधायला हवे होते, म्हणजे दोघांना एकच उष्णता. पण त्यांचे पाय आखूड होते. एक, नळीकडचा, टोपीच्या जागी बसला. दुसरा, मोकळ्या उजेडाचा, दोन बोटं पलीकडे रिकाम्या भोकांत बसला. शेजारी रेग्युलेटरचं हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, होतं. मी ते पाहिलं. हे मी खोटं सांगणार नाही, मी ते पाहिलं आणि मनात म्हणालो, खरी जोडी आली की बदलूच. झाकण उघडं ठेवून, सकाळच्या वेळी, ठरलेल्या रंगाच्या तपासणीच्या काचा घालून आकडे पाहिले. सगळे बरोबर. स्क्रू आवळले, थाप मारली.

आणि मी दिलेला तो शब्द, सकाळी एकदाच झिरो करण्याचा, तो परत घेतला नाही. यंत्राचं आतडं बदललं आणि त्याला सांभाळायची रीत तीच राहू दिली. ताई जिना उतरत होत्या तेव्हा मी वरून ओरडून काय सांगितलं, तर एसटीत खिडकीजवळ बसा, ऊन लागेल.

पंधरा दिवसांनी, दुपारी दीडच्या सुमाराला, त्यांचा फोन आला. मी डबा खाऊन हात धुतला होता.

“भाऊ, मशीन बराबर हाय ना?”

“काहून? काय झालं?”

“चार-पाच दिवसाचं लेकरू हाय. काल दुपारी कावीळ तपासली तर चौदा आली. डॉक्टर म्हणे, चालते, दूध पाजा, उद्या पुन्हा करा. आज पुन्हा केली. सतरा आली. डॉक्टरनं घरी पाठवलं, उद्या आणखी दाखवा म्हणे. पण भाऊ, मी त्याचे तळपाय पाह्यले. हळदीत बुडवल्यावाणी पिवळे हायेत. सतराचं लेकरू असं नाही दिसत.”

मला राग आला. माझ्या कामावर कोणी शंका घेतली की मला आधी राग येतो, विचार मागून येतो. मी म्हणालो, “ताई, कंट्रोल बराबर आलं होतं ना सकाळी?”

“आलं होतं.”

“मंग? ट्यूबलाइटमध्ये सगळेच पिवळे दिसतेत. मशीन मी सोता तपासली हाय. डोळ्याचं नका ऐकू, मशीनचं ऐका.”

त्या काही तरी म्हणाल्या, ऐकू आलं नाही. मागे घरघर चालली होती. मी म्हणालो, जोरानं बोला.

“कूलरचा आवाज हाय जी. मशीन लय तापून राहिली होती, म्हणून दुपारी कूलर तिच्याचकडं फिरवून ठेवतो मी. तिले बरं वाटन म्हणून.”

“बरं केलं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बरं केलं म्हणालो. हे दोन शब्द मी नंतर किती वेळा ऐकले असतील, माझे मलाच.

मी कामाला बसलो. माझा कूलर डाव्या अंगाला खिडकीत होता. शर्टाची डावी बाही गार, ओलसर. उजव्या बाजूला सोल्डरिंगचं स्टेशन, तिकडून घामाची धार. मी उजव्या हाताने मान पुसली आणि हात तसाच मानेवर राहिला. त्या यंत्राच्या हवेच्या जाळ्या कुठे आहेत? डावीकडे. टोपीची जागा कुठे? डाव्या जाळीला लागून. दुसरा ट्रान्झिस्टर कुठे? उजवीकडे, तापलेल्या हीटसिंकच्या कुशीत.

तरी मला खात्री हवी होती. खरं म्हणजे माझी ही शंकाच चुकीची ठरायला हवी होती. त्याच पट्टीतले उरलेले दोन ट्रान्झिस्टर घेऊन तसंच सर्किट बोर्डावर जोडलं, दोन्हीकडे सारखा करंट दिला, मीटर शून्यावर आणला. मग बोर्ड उचलून असा धरला की एकावर कूलरचा झोत यावा आणि दुसऱ्याच्या मागे कोमट ट्रान्सफॉर्मर असावा. मीटर हलला. दोन, चार, पाच मिलिव्होल्ट. मी वाट पाहत राहिलो, आठवर जाऊन तो थांबला. चार अंशांचा फरक, बस. हाताला कळतही नाही एवढा.

गणित मी कागदावर केलं, कारण डोक्यात करायची हिंमत नव्हती. सकाळी ताईंनी झिरो केला तेव्हा कूलर बंद, तेव्हाचा जो काही फरक होता तो झिरोत पुसला गेला. कंट्रोल लगेच तपासलं, म्हणून बरोबर. दुपारी कूलर सुरू. नळीकडचा ट्रान्झिस्टर गार, त्याचं व्होल्टेज वर. मोकळ्या उजेडाचा तापलेला, त्याचं खाली. दोघांतला फरक त्यामुळे खोटाच कमी. यंत्र म्हणणार, रंग फिका आहे. आणि हा कमीपणा प्रत्येक नमुन्यात तेवढाच, दुपारच्या प्रत्येक माणसाच्या रक्तात. आठ मिलिव्होल्ट म्हणजे काविळीच्या आकड्यात जवळपास सहा. आणि एवढ्या लहान लेकराचा आकडा विसाला टेकला की डोक्याला धोका, हे लॅबमध्ये वावरून मलाही माहीत होतं.

काल चौदा नव्हते, वीस होते. आज सतरा नव्हते.

ताईंना फोन लावला. कोणी उचलेना. दुपारी त्या घरी जेवायला जातात आणि फोन लॅबमध्येच राहतो, हे मला माहीत होतं. डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी स्कूटर काढली. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, पाण्याची बाटली घेतली, आणि दिघोरी ओलांडून कुहीकडे निघालो. रस्त्यावर कोणी नव्हतं. बांधांवर वाळलेलं गवत, धानाच्या शेतांतल्या रिकाम्या बांध्या भेगाळलेल्या, आणि समोर डांबरावर पाणी चमकल्यासारखं. गरम वारा तोंडावर येत होता. वाटेत तीनदा थांबून फोन लावला. तिसऱ्यांदा एक म्हातारा झाडाखालून म्हणाला, “एवढ्या उन्हात कायले निघाले गा?” मी किक मारली. मला वाटून गेलं, की मी पोचेपर्यंत जे व्हायचं ते कुठल्या तरी घरात, पाळण्यात, आवाज न करता होत असेल. कावीळ डोक्यात चढते तेव्हा लेकरू रडत नाही, झोपतं.

लॅब उघडी होती, ताई नुकत्याच आल्या होत्या. कूलर यंत्राकडे तोंड करून घरघरत होता. मी पाण्याची नळी घातली. झिरो दिसायला हवा होता. पाणी म्हणजे पाणी, त्याला कसला रंग? आकडा दिसला उणे शून्य दशांश बारा, म्हणजे काविळीच्या हिशेबात तेच सहा कमी.

ताई आकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

“त्याचं सीरम हाय?” मी विचारलं.

होतं. उजेडाने खराब होऊ नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळून, खणात ठेवलेलं. अशी बाई. त्यांनी नव्याने झिरो केला, थेंब मोजले, आणि मिनिटं संपायची आम्ही दोघं उभं राहून वाट पाहिली. तेवीस आले.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “मी तुमाले विचारलं होतं.”

डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या. लेकराच्या घरचा फोन बंद होता, म्हणून ताई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही त्यांच्या गावात गेलो, पाच-सात किलोमीटर आत. लेकराची आई ओसरीत बसली होती, अगदी पोरसवदा. आम्हाला पाहून हसून म्हणाली, “आज शांत हाय जी, रडलाच नाही. दूधबी नाही मांगत.” ताईंनी लेकराच्या तळव्याला टिचकी मारली. त्याने डोळे उघडले नाहीत. मान मात्र मागे ताणून धरली होती, एवढ्याशा जिवाने, धनुष्यासारखी.

नागपूरला नेलं, रक्त बदललं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. तिथे पोचेपर्यंत आकडा आणखी चढला होता. मुलगा वाचला. आठव्या दिवशी घरी आला तेव्हा गावात सगळ्यांना माहीत झालं होतं, की नागपूरचा एक मशीनवाला भरउन्हात स्कूटरवर धावत आला म्हणून लेकरू राहिलं.

मी ते तसंच राहू दिलं. ताईंनी एकदाच विषय काढला, मी खरी जोडी बसवायला गेलो तेव्हा. “मी त्या पंधरा दिवसातल्या दुपारच्या सगळ्या पेशंटले परत बोलावलं,” त्या म्हणाल्या. “मशीन बिघडली होती एवढंच सांगितलं. कोणामुळं ते नाही सांगितलं. लेकराच्या मायले काय सांगाचं ते तुमी सांगा. मी नाही सांगनार.” हल्ली त्यांच्या टेबलावर पाण्याची नळी कायम उभी असते. प्रत्येक पेशंटच्या आधी झिरो. माझ्यासमोर करतात तेव्हा माझ्याकडे पाहत नाहीत.

त्या वर्षी धान निघाल्यावर मुलाची आई नवरा-मुलासह माझ्या खोलीवर आली. डोक्यावरून नव्या तांदळाचं बोचकं उतरवलं, मुलाला माझ्या पायाशी टेकवलं. एवढी कावीळ चढली की लेकराचे कान जाऊ शकतात, हे मी तोवर विचारून घेतलं होतं. मी त्या मुलाच्या मागे जाऊन, सहज केल्यासारखं, लोखंडी ट्रेवर पक्कड आपटली. बाप दचकला. मुलगा माझ्या टेबलावरच्या लाल वायरकडे बघत राहिला. मी तांदूळ ठेवून घेतला. त्या तांदळाचा भात आमच्या घरी झाला तेव्हा मी भूक नाही म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा आली, एकटीच, मुलाला कडेवर घेऊन. मुलगा दोन पार करून गेला होता. पुन्हा बोचकं. मुलाच्या दोन्ही कानांमागे कानाची मशीन होती. तिने एक काढून माझ्या टेबलावर ठेवली, त्याच जागी जिथे ते फोटोमीटर उघडलं होतं.

“भाऊ, हे शिट्टी मारून राहिली. दवाखान्यात बोलावते पुढच्या महिन्यात. म्हटलं, आपला मानूस हाय, त्याइच्याकडं जाऊ. तुमी याचा जीव वाचवला, ही तर एवढुशी गोष्ट हाय.”

मी भिंगाखाली पाहिली. यंत्र चांगलं होतं. मुलाचा कान वाढला होता आणि कानातला साचा जुनाच होता. सैल पडून आवाज बाहेर गळत होता आणि माइकमध्ये परत शिरत होता. नवा साचा घेतला की झालं. मी तिला तसं सांगितलं. ती हुश्श करून हसली. मग तिने विचारलं, साधंच, प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं तसं:

“म्हंजे मशीन बराबर हाय ना?”

माझ्या तोंडातून हो निघेना. तिने पुन्हा विचारलं, “काहून भाऊ? खराब हाय का?”

मी तिला खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. दोन ट्रान्झिस्टर, कूलर, दीड वाजताचा फोन. जे तिला समजणार नाही असं वाटलं तेही सांगितलं, कारण काही गाळलं असतं तर मी तिथेच लपलो असतो. ताईंनी ओळखलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं, हे दोनदा सांगितलं. मुलगा तिच्या मांडीवर बसून एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होता.

मी थांबलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, “पयल्या दिवशी चौदा आली म्हनले होते, तवा खरी किती होती?”

“वीस.”

“तवाच नेला असता तं?”

“बहुतेक ऐकू आलं असतं,” मी म्हणालो.

तिने टेबलावरून कानाची मशीन उचलली, पदराला पुसली आणि मुलाच्या कानात बसवली. शिट्टी वाजली. तिने बोटाने साचा दाबून धरला, मुलाला कडेवर घेतलं आणि जिन्याकडे गेली. तीन पायऱ्या उतरून पुन्हा वर आली. मला वाटलं, आता काही बोलेल. ती वाकली, एका हाताने तांदळाचं बोचकं उचललं, आणि ते घेऊन खाली उतरून गेली.